मोटर चालू आहे, पण पाणी चढतंय का? टाकीच्या पातळीवरून मोटरची स्थिती ओळखायची पद्धत

सोलापुरात नळाचं पाणी रोज येत नाही. काही दिवसांआड येतं, बरेचदा रात्री-अपरात्री येतं आणि काही तासांत जातं. अपार्टमेंटमध्ये ते आधी तळातल्या हौदात पडतं आणि तिथून मोटर ते गच्चीवरच्या टाकीत चढवते. हौद काठोकाठ भरला की त्यातला बॉलकॉक नळ बंद करतो. म्हणजे पाणी सुटलेलं असताना मोटर नीट चालली नाही, तर हौद भरतो, नळ बंद होतो आणि पुढचं पाणी आपल्या इमारतीला मिळतच नाही. ते परत मिळायला पुढची पाळी यावी लागते.

जुळे सोलापुरातल्या आमच्या २४ फ्लॅटच्या इमारतीत हे एका उन्हाळ्यात दोनदा घडलं. दोन्ही वेळा स्टार्टरवरचा दिवा लागलेला होता, मोटरचा आवाज येत होता आणि वॉचमन मामांना सगळं ठीक वाटत होतं. मोटर मात्र कोरडी फिरत होती. दुसऱ्या वेळी मोटरच्या दांड्यापाशी पाणी अडवणारं मेकॅनिकल सील जळालं आणि दोन दिवस टँकर मागवावे लागले. त्यानंतर वरच्या टाकीत पातळी मोजणारा सेन्सर बसवला आणि मोटर काम करतेय की नाही हे टाकीलाच विचारायचं ठरवलं. दिवा फक्त वीज पोचल्याचं सांगतो. पाणी चढतंय हे टाकीच सांगू शकते.

खाली दिलेल्या पायऱ्या आम्ही ज्या क्रमाने करायला हव्या होत्या, त्या क्रमाने आहेत. आमचा क्रम चुकला होता. आकडे आमच्या इमारतीचे आहेत, तुम्हाला तुमचे काढावे लागतील.

काय काय लागेल

- पाण्याने न बिघडणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर. ऑनलाइन शोधताना `JSN-SR04T` हे नाव टाका.
- कोड चालवणारे दोन ईएसपी-३२ बोर्ड, एक टाकीजवळ आणि एक खाली, ५ व्होल्टचे चांगले अडॅप्टर, १ किलोओहम आणि २ किलोओहमचे रेझिस्टर.
- पाणी न शिरणारी प्लास्टिकची पेटी, केबल ग्लँड, मोजपट्टी.
- वॉचमनच्या खोलीत लावायला एक हिरवा आणि एक लाल दिवा.
- टाकी आणि हौदाची आतली मापं, मोटरच्या पाटीचा फोटो, शेवटच्या दुरुस्तीचं बिल.
- सोसायटीच्या समितीचा ठराव. टाकीच्या झाकणाला आणि स्टार्टरच्या पेटीला हात लावायचा आहे, त्यामुळे तोंडी परवानगीवर काम सुरू करू नका.
- स्टार्टरच्या कामासाठी परवानाधारक इलेक्ट्रिशियन. त्या पेटीत तीन फेजची वीज असते. ती स्वतः उघडू नका.

## १. आधी टाकीचा हिशेब मांडा

सेन्सर विकत घेण्याआधी कागदावर एक आकडा काढा: टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे किती लिटर.

आमची वरची टाकी आतून ४ मीटर लांब आणि २.५ मीटर रुंद आहे. तळाचं क्षेत्रफळ १० चौरस मीटर, म्हणून एक सेंटिमीटर म्हणजे १०० लिटर. ओव्हरफ्लोच्या पाइपपर्यंत १५० सेंटिमीटर पाणी मावतं, म्हणजे १५,००० लिटर. खालचा हौद ४ बाय ३ मीटरचा आहे. तिथे एक सेंटिमीटर म्हणजे १२० लिटर.

आता मोटर. आमची २ एचपीची मोटर मिनिटाला साधारण १५० लिटर चढवते. १५० भागिले १०० म्हणजे टाकी मिनिटाला दीड सेंटिमीटर चढायला हवी. संपूर्ण पद्धत या दीड सेंटिमीटरवर उभी आहे.

मोटरच्या पाटीवरचा प्रवाहाचा आकडा इथे वापरू नका. पाटीवर एक पल्ला दिलेला असतो आणि तुमच्या इमारतीची उंची, पाइपचा व्यास, त्यातले बेंड यांवर खरा प्रवाह ठरतो. तो कसा मोजायचा ते तिसऱ्या पायरीत येईल.

टाकी मधल्या भिंतीने दोन भागांत विभागलेली असेल तर तिचा जोडव्हॉल्व्ह उघडा आहे की बंद, ते आत्ताच पाहून घ्या. आमच्या शेजारच्या इमारतीत हाच घोळ झाला होता. हिशेब एका कप्प्याचा मांडला, व्हॉल्व्ह मात्र उघडा होता. पाणी दोन्ही कप्प्यांत पसरायचं आणि पातळी निम्म्याच वेगाने चढायची, म्हणून यंत्रणा चांगल्या मोटरला रोज आजारी ठरवत होती. व्हॉल्व्ह कायम एकाच स्थितीत राहील असं ठरवा आणि त्याच्या चाकाला तशी चिठ्ठी बांधा.

## २. सेन्सर कुठे आणि कसा बसवायचा

सेन्सर झाकणाखाली बसतो, खाली आवाजाची लहर सोडतो आणि पाण्यावरून ती परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. त्यावरून पाण्यापर्यंतचं अंतर कळतं. सेन्सरपासून तळापर्यंतच्या अंतरातून ते वजा केलं की पाण्याची पातळी मिळते.

या सेन्सरला जवळचं दिसत नाही. साधारण २५ सेंटिमीटरच्या आत पाणी आलं की तो काहीतरी भलताच आकडा देतो. म्हणून ओव्हरफ्लोच्या पातळीपासून तो किमान ३० सेंटिमीटर वर हवा. आमच्या टाकीत ओव्हरफ्लो आणि स्लॅबमध्ये २० सेंटिमीटरच अंतर होतं. सुदैवाने झाकणाभोवती १५ सेंटिमीटर उंचीचा कठडा आहे. सेन्सर झाकणालाच लावला, त्यामुळे ३५ सेंटिमीटर मिळाले. कठडा नसेल तर तो बांधून किंवा बसवून घ्या. सेन्सर अरुंद पाइपच्या तोंडात खोल बसवून उंची मिळवण्याचा मोह होतो, पण लहर पाइपच्या कडेवरच आपटून परत येते.

मोटरचं पाणी टाकीत जिथे पडतं तिथून सेन्सर जितका लांब ठेवता येईल तितका ठेवा. धार पडते तिथे पाणी उकळल्यासारखं उसळतं आणि आकडे चार-पाच सेंटिमीटर उड्या मारतात. नेमकी मोटर चालू असतानाच वाचन बिघडतं, म्हणून ही चूक महागात पडते. टाकीतली लोखंडी शिडीही लहरीच्या वाटेत येऊ देऊ नका. टाकी अर्ध्याखाली गेली की शिडीची पायरीच पाण्याचा पृष्ठभाग समजली जाते आणि पातळी एका ठिकाणी अडकल्यासारखी दिसते.

सेन्सरची वायर सुमारे अडीच मीटरची येते. ती कापून लांब करू नका. बोर्डाची पेटी टाकीजवळच, सावलीत बसवा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि गच्चीवरच्या उघड्या पेटीत त्याहून बराच जास्त. आम्ही पेटी टाकीच्या उत्तर बाजूच्या भिंतीला लावली.

सेन्सरच्या बोर्डाला ५ व्होल्ट लागतात, ईएसपी-३२ चे पाय मात्र ३.३ व्होल्टचेच आहेत. सेन्सरकडून उत्तर आणणारी `ECHO` ची वायर थेट जोडली तर आज ना उद्या बोर्डाचा तो पाय जातो. मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर आणि तिथून ग्राउंडला २ किलोओहमचा, एवढ्याने व्होल्टेज उतरतं.

गच्चीवरची माहिती खाली कशी आणायची, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. वरच्या मजल्यावरच्या एका घराचं वाय-फाय वापरून पाहिलं. वीज गेली की राउटर बंद, ते कुटुंब गावाला गेलं की राउटर बंद. शेवटी डक्टमधून नेटवर्कची केबल खालच्या दुसऱ्या ईएसपी-३२ पर्यंत आणली आणि दोन्ही टोकांना लांब तारेवरून माहिती पाठवणारे आरएस-४८५ चे छोटे मोड्यूल लावले. पाच मजल्यांसाठी ते सहज पुरतं आणि कोणाच्या इंटरनेटवर अवलंबून राहावं लागत नाही. केबल वीजवाहक तारेला चिकटून खाली आणू नका.

वाचनाचा कोड असा आहे. सात वेळा मोजायचं, आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला घ्यायचा. एखादं वाचन भरकटलं तरी मधला आकडा शाबूत राहतो.

```cpp
float readLevel(float tempC) {
  float a[7];
  for (int i = 0; i < 7; i++) {
    digitalWrite(TRIG, LOW);  delayMicroseconds(5);
    digitalWrite(TRIG, HIGH); delayMicroseconds(20);
    digitalWrite(TRIG, LOW);
    unsigned long t = pulseIn(ECHO, HIGH, 30000);
    a[i] = t * (0.03313 + 0.0000606 * tempC) / 2;
    delay(100);
  }
  std::sort(a, a + 7);
  if (a[3] < 25) return -1;   // वाचन खराब
  return 185 - a[3];          // सेन्सर ते तळ १८५ सेमी
}
```

हवेच्या तापमानाप्रमाणे आवाजाचा वेग बदलतो, म्हणून कोडमध्ये `tempC` आहे. २० अंशांना वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि ४५ अंशांना सुमारे ३५९. हा फरक साडेचार टक्क्यांचा आहे. पाणी सेन्सरपासून दीड मीटर खाली असेल तर पातळीत सहा-सात सेंटिमीटरची चूक होते. टाकीत किती लिटर पाणी आहे हे दाखवायचं असेल तर ही चूक सुधारावीच लागते. मोटर ओळखायला मात्र आपण पाच मिनिटांतला फरक पाहतो आणि पाच मिनिटांत हवा जवळपास तेवढीच तापलेली असते. त्यामुळे तापमानाचा सेन्सर नसला तरी मोटर ओळखता येते. आम्ही सुरुवातीला ३५ हा ठरीव आकडा टाकून भागवलं.

## ३. तीन रात्री नुसतं मोजा

इथे घाई करू नका. सेन्सर बसल्यावर दर मिनिटाचं वाचन नुसतं साठवत राहा, दिवे जोडू नका. आधी मोजपट्टीने पातळी तीन वेळा पडताळा: टाकी जवळपास रिकामी असताना, अर्धी असताना आणि भरत आली असताना. तिन्ही वेळा फरक दोन-तीन सेंटिमीटरच्या आत असला तर पुढे जा. फक्त खालच्या पातळीला फरक येत असेल तर शिडी किंवा पाइप आडवा येतोय.

मग तीन आकडे शोधा.

पहिला, कोणी पाणी वापरत नसताना मोटर किती वेगाने टाकी चढवते. यासाठी रात्री दोन ते चारची वेळ उत्तम. आमच्याकडे मिनिटाला १.४७ सेंटिमीटर आलं, म्हणजे १४७ लिटर. हा तुमच्या मोटरचा खरा प्रवाह. तारखेसह वहीत लिहून ठेवा, तो पुढे फार उपयोगी पडतो.

दुसरा, मोटर बंद असताना सकाळी गर्दीच्या वेळी टाकी किती वेगाने उतरते. आमच्याकडे साडेसहा ते साडेआठ या वेळात मिनिटाला ०.४ सेंटिमीटरपर्यंत उतरते.

तिसरा या दोघांतूनच निघतो. ऐन गर्दीत मोटर चालू असेल तर टाकी १.४७ वजा ०.४, म्हणजे सुमारे १.०७ सेंटिमीटरने चढेल. म्हणजे मोटर चालू असताना टाकी निदान १.०७ ने चढते आणि बंद असताना शून्य किंवा खाली जाते. या दोन अवस्थांमध्ये मोठी मोकळी जागा आहे. आपली सीमारेषा तिथे आखायची.

तुमच्याकडे ही जागा अरुंद निघाली, समजा गर्दीत मोटर चालू असूनही टाकी जेमतेम ०.२ ने चढते, तर नुसत्या वरच्या टाकीवरून मोटर ओळखता येणार नाही. मोठी टाकी आणि लहान मोटर असलेल्या इमारतींत हे होतं. तिथे हौदातही सेन्सर लागतो.

## ४. नियम लिहा

शेवटची सहा वाचनं घ्यायची. पहिल्या तिनांची सरासरी, नंतरच्या तिनांची सरासरी. दोन सरासऱ्यांमध्ये तीन मिनिटांचं अंतर आहे, म्हणून फरकाला तीनने भागलं की दर मिनिटाचा वेग मिळतो.

```cpp
// h[0] पाच मिनिटांपूर्वीचं, h[5] आत्ताचं
float rate = ((h[3]+h[4]+h[5]) - (h[0]+h[1]+h[2])) / 9.0;

if (rate > 0.6)      rising = true;
else if (rate < 0.3) rising = false;
// मधल्या पट्ट्यात आधीचीच स्थिती कायम
```

०.६ आणि ०.३ असे दोन आकडे मुद्दाम घेतले आहेत. एकच आकडा ठेवला तर वेग त्याच्या आसपास असताना दिवा सारखा लागतो-विझतो आणि दोन दिवसांत कोणी त्याच्याकडे बघेनासं होतं.

वाचन खराब आलं, म्हणजे `-1` मिळालं, तर ते `h` मध्ये भरू नका. सलग दहा मिनिटं खराब वाचन आलं तर दोन्ही दिवे लुकलुकवा, म्हणजे सेन्सर बघायची वेळ झाल्याचं कळेल. बहुतेक वेळा सेन्सरच्या तोंडावर वाफेचे थेंब जमलेले असतात. फडक्याने पुसलं की काम होतं.

आता या नियमातली सगळ्यात मोठी फट. टाकी भरली की पाणी ओव्हरफ्लोतून वाहायला लागतं, पातळी १५० वर थांबते आणि वेग शून्य होतो. यंत्रणा म्हणते, पाणी चढत नाही. मोटर मात्र जोरात चालू असते आणि पाणी गच्चीवरून वाया जात असतं. म्हणून १४५ च्या वर गेल्यावर वेगाचा नियम बाजूला ठेवा. तिथे पातळी चढत येऊन १४८ च्या वर स्थिरावली तर त्याचा अर्थ टाकी भरली, मोटर बंद करा.

## ५. स्टार्टर चालू आहे का, हेही कळू द्या

नुसत्या पातळीवरून ‘पाणी चढत नाही’ एवढंच कळतं. मोटर बंद आहे म्हणून की चालू असूनही पाणी उचलत नाही म्हणून, हे कळत नाही. त्यासाठी एक जादा तार लागते.

स्टार्टरमध्ये मोटरला वीज जोडणाऱ्या कॉन्टॅक्टरवर बरेचदा एक मोकळा सहायक संपर्क असतो. मोटरला वीज मिळाली की तो जुळतो. त्यात दुसरी कुठली वीज नाही याची खात्री करून इलेक्ट्रिशियनने त्याच्या दोन तारा खालच्या ईएसपी-३२ पर्यंत आणून दिल्या की झालं. मोकळा संपर्क नसेल तर तो वेगळा बसवता येतो.

आता स्थिती स्पष्ट होतात. स्टार्टर चालू आणि पातळी चढती: हिरवा दिवा. स्टार्टर बंद: दोन्ही दिवे बंद. स्टार्टर सुरू होऊन सात मिनिटं झाली आणि पातळी चढत नाही: लाल दिवा आणि भोंगा. सात मिनिटं यासाठी की आपण ज्या वाचनांवरून वेग काढतो तीच पाच मिनिटांची आहेत आणि रिकामा पाइप भरायला थोडा वेळ जातो. एकदा हिरवा लागून गेल्यावर मात्र थांबायचं कारण नाही, वेग ०.३ च्या खाली जाताच लाल लावा.

स्टार्टर बंद दिसतोय आणि पातळी चढतेय असंही कधी दिसेल. टँकरवाल्याने थेट वरच्या टाकीत पाणी सोडलं असेल किंवा बोअरची मोटर वरच्या टाकीला जोडलेली असेल. बोअरचा प्रवाह वेगळा असल्यामुळे त्याचा वेगही वेगळा दिसतो. तो तिसऱ्या पायरीतच मोजून ठेवा.

मोटर आपोआप बंद करायची सोय लगेच लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. निदान एक महिना फक्त दिवे चालवा. त्या महिन्यात खोटी लाल सूचना किती वेळा आली ते लिहा. ती शून्यावर आल्यावरच इलेक्ट्रिशियनकडून बंद बटणाच्या वाटेत रिले बसवून घ्या, आणि तो असा की ईएसपी-३२ बिघडला तरी मोटर पूर्वीसारखी हाताने चालू करता येईल. बंद झालेली मोटर यंत्रणेने स्वतःहून पुन्हा चालू करू नये. कोरड्या मोटरला वारंवार चालू केलं तर सील वाचवण्यासाठी केलेला सगळा खटाटोप वाया जाईल.

## ६. एका रात्रीचं वाचन

हे आमच्या वहीतलं आहे. पाणी रात्री २:१० ला सुटलं. मामांनी २:२० ला मोटर चालू केली. तोवर हौदातही सेन्सर बसवला होता.

| वेळ | वरची टाकी (सेमी) | हौद (सेमी) |
|---|---|---|
| २:२० | ४१.० | ९६.० |
| २:२५ | ४८.३ | ९३.९ |
| २:३० | ५५.७ | ९१.८ |
| २:३५ | ५९.० | ९३.२ |
| २:४० | ५८.९ | ९७.४ |

पहिली दहा मिनिटं वरची टाकी दीडच्या जवळ वेगाने चढली. हौद हळूहळू उतरत होता, कारण मोटर मिनिटाला १५० लिटर उचलत होती आणि नळातून साधारण १०० लिटर येत होते. २:३२ च्या सुमारास वरची टाकी थांबली आणि त्याच वेळी हौद चढायला लागला. दोन्ही टाक्या एकच गोष्ट सांगत होत्या. नळ चालू होता आणि मोटरने पाणी उचलणं सोडलं होतं. स्टार्टरचा दिवा अर्थात लागलेलाच होता.

लाल दिवा २:३६ ला लागला. मामांनी मोटर बंद केली आणि मला फोन केला. मोटर हौदातून ज्या सक्शन पाइपने पाणी ओढते, त्याच्या तळाशी असलेल्या फूट व्हॉल्व्हच्या जाळीला प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा चिकटला होता. नळाचं पाणी जोराने पडल्यावर हौदाच्या तळातला कचरा वर आला असणार. जाळी साफ करून, मोटरमध्ये पाणी भरून ३:०५ ला पुन्हा चालू केली. नळ ५:१० ला गेला.

सूचना आलीच नसती तर काय झालं असतं, याचा हिशेब मी दुसऱ्या दिवशी समितीसमोर मांडला. आमच्या हौदात १६० सेंटिमीटर पाणी मावतं. मोटर पाणी उचलत नसताना तो मिनिटाला ०.८३ सेंटिमीटरने चढतो, म्हणजे ३:५५ च्या आसपास भरला असता आणि बॉलकॉकने नळ बंद केला असता. पुढची सव्वा तासाची धार, मिनिटाला १०० लिटरप्रमाणे सुमारे ७,५०० लिटर, आमच्या हातून गेली असती. आमच्या इमारतीला दिवसाला तेरा हजार लिटरच्या आसपास लागतात. त्या हिशेबानंतर हौदातल्या सेन्सरच्या खर्चाबद्दल कोणी काही विचारलं नाही.

हौदाबद्दल एक सावधगिरी. नुसत्या हौदाच्या पातळीवरून मोटर ओळखायला जाऊ नका. नळ चालू असताना मोटर पाणी उचलत असूनही हौद स्थिर राहू शकतो किंवा चढूही शकतो. हौदाचं वाचन वरच्या टाकीला दुजोरा द्यायला चांगलं आहे. एकट्याने ते भरवशाचं नाही.

## ७. लाल दिवा लागला, आता कुठे बघायचं

लाल दिवा लागल्यावर पातळीचा आलेख आणि पॅनेलवरचा अँपिअर मीटर एकत्र वाचा. बहुतेक वेळा बिघाड कुठे आहे ते तिथेच कळतं.

मोटर चालू केल्यापासून पाणी अजिबात चढलं नसेल आणि अँपिअर नेहमीपेक्षा कमी असतील, तर मोटरने हवा धरली आहे. मधल्या दिवसांत फूट व्हॉल्व्हमधून पाणी हौदात गळून गेलं आणि सक्शन पाइप रिकामा झाला. पाणी भरून चालू केल्यावर काम होतं, पण हे दर पाळीला होत असेल तर फूट व्हॉल्व्ह बदला.

आधी चढलं आणि मग थांबलं, अँपिअर कमी झाले: जाळी तुंबली, किंवा हौदातलं पाणी फूट व्हॉल्व्हच्या खाली गेलं, किंवा सक्शनच्या जोडातून हवा शिरतेय. हौद किती भरला आहे ते पाहिलं की यातलं एक कारण लगेच बाद होतं.

अँपिअर शून्य असतील तर पाण्याचा प्रश्न नाही, विजेचा आहे. इलेक्ट्रिशियनला बोलवा.

अँपिअर नेहमीइतके किंवा जास्त आणि टाकी चढत नाही, हे सगळ्यात घाईचं. मोटर पाणी उचलतेय, पण ते टाकीत पोचत नाही. चढता पाइप फुटला आहे किंवा कोणी दुसऱ्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला आहे. मोटर बंद करून आधी डक्टमध्ये पाहा.

आणखी एक बिघाड लाल दिव्यात कधीच दिसत नाही. महिन्यातून एकदा रात्रीचा वेग तिसऱ्या पायरीतल्या आकड्याशी ताडून पाहा. आमच्या हौदात बोअरचं पाणीही येतं. ते जड आहे, त्याचा पांढरा थर जाळीवर आणि मोटरच्या पंख्यावर चढतो. सुरुवातीला १.४७ असलेला वेग आठ महिन्यांत १.२ वर आला होता. हिरवा दिवा रोज लागत होता, कारण १.२ हे ०.६ पेक्षा जास्तच आहे. पण १५,००० लिटरची रिकामी टाकी भरायला १०२ मिनिटं लागायची तिथे १२५ लागत होती. मोटर खोलून थर काढला आणि वेग १.४४ वर आला. आम्ही आता १.२५ च्या खाली रात्रीचा वेग गेला की वहीत लाल शाईने लिहितो आणि पुढच्या पाळीच्या आत मोटर खोलायला सांगतो.